आधी ओळीत, मग नक्कल, शेवटी क्रम

पॉवरपॉइंटमधले शॉर्टकट सांगणारे तक्ते पुष्कळ मिळतात. शंभरेक जोड्या असतात, छापून भिंतीवर लावल्या जातात आणि आठवडाभरात विसरल्या जातात. त्यातल्या कामाच्या जोड्या फार थोड्या. रोजच्या कामात वेळ खाणाऱ्या गोष्टी तीनच असतात: एकीसारखी दुसरी स्लाइड करणं, स्लाइडवरच्या चौकटी एका ओळीत आणणं आणि स्लाइड वरखाली हलवणं. या तीन कामांची बटणं पाठ असूनही बरेच जण अडतात, कारण कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी घाईघाईने स्लाइडच्या नक्कला काढल्या जातात आणि मग प्रत्येक नकलेवर बसून चौकटी सरळ केल्या जातात. एकदा करायचं काम तीनदा होतं, आणि तिन्ही वेळा थोडं थोडं वेगळं होतं.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यातली एखादी गृहनिर्माण सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. तीन विकासकांचे प्रस्ताव आले आहेत. त्यांना क, ख आणि ग म्हणू. सर्वसाधारण सभेत सदस्यांना ते पडद्यावर दाखवायचे आहेत. सात स्लाइड पुरतील: शीर्षक, इमारतीची माहिती, तीन विकासकांची प्रत्येकी एक, मग तुलनेचा तक्ता, आणि शेवटी पुढची पावलं. विकासकाच्या स्लाइडवर वर नाव आणि खाली चार चौकटी: चटई क्षेत्र, दरमहा भाडं, कॉर्पस फंड, कामाची मुदत. तिन्ही स्लाइड तंतोतंत सारख्या दिसल्या पाहिजेत. एकाची चौकट मोठी आणि दुसऱ्याची लहान दिसली, तर सभेत कुणीतरी उठून विचारणारच, की याला एवढा मोठा का केलाय.

सुरुवात ‘क’च्या स्लाइडपासून. हल्लीच्या रुंद स्लाइडची रुंदी 33.87 सेंटिमीटर असते आणि उंची 19.05. पहिली चौकट काढा, समजा 7 सेंटिमीटर रुंद. ती निवडलेली असताना `Ctrl+D` दाबा. तिची नक्कल थोडी उजवीकडे, थोडी खाली येते. आणखी दोनदा दाबा, चार चौकटी झाल्या. त्या एकमेकींवर चढून तिरक्या उभ्या राहतील, राहू द्या.

इथे `Ctrl+C` आणि `Ctrl+V` का नको, असं कुणी विचारेल. कारण `Ctrl+D` क्लिपबोर्डला हात लावत नाही. एक्सेलमधून कॉपी केलेला भाड्याचा आकडा क्लिपबोर्डवर तसाच थांबलेला असतो. चौकटींच्या नक्कला काढून झाल्या की तो सरळ पेस्ट करता येतो. आणखी एक सोय आहे. पहिली नक्कल काढल्यावर ती लगेच हव्या त्या अंतरावर सरकवली आणि मधे दुसरीकडे कुठेही क्लिक न करता पुन्हा `Ctrl+D` दाबलं, तर पुढची नक्कल तेवढ्याच अंतरावर, त्याच दिशेला उमटते. पॉवरपॉइंट तुमचं सरकवणं लक्षात ठेवतं. मधे क्लिक केलंत की ते विसरतं आणि नक्कल पुन्हा तिरकी येते. सहा-आठ सारख्या चौकटी लागतात तेव्हा ही युक्ती छान. चारच असतील तर पुढचा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

चारपैकी एक चौकट डाव्या टोकाला ओढा, कडेपासून साधारण दीड सेंटिमीटरवर. दुसरी एखादी उजव्या टोकाला, तितकंच अंतर सोडून. मधल्या दोघींची काळजी करू नका, फक्त त्या या दोन टोकांच्या मधे असू द्या. आता चारही निवडा. माउसने त्यांच्याभोवती आयत ओढलात तर जी चौकट पूर्ण आत येते तीच निवडली जाते, एखादीचा कोपरा बाहेर राहिला तर ती सुटते. नाहीतर `Shift` दाबून एकेकीवर क्लिक करा. मग ही अक्षरं एकापाठोपाठ एक दाबा, एकत्र नाही:

```
Alt  H  G  A  T
Alt  H  G  A  H
```

`Alt` दाबून सोडलं की वरच्या पट्टीवर छोटी अक्षरं उमटतात. `H` म्हणजे Home, `G` म्हणजे Arrange, `A` म्हणजे Align. पहिल्या ओळीतल्या `T` ने चारही चौकटींच्या वरच्या कडा एका रेषेत येतात. दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या `H` ने त्यांच्यातली आडवी अंतरं समान होतात; मेनूत त्याचं नाव Distribute Horizontally. टोकाच्या दोन चौकटी जागच्या हलत नाहीत, मधल्या दोन सरकतात. आपल्या उदाहरणात डाव्या कडेपासून मोजलं तर त्या 1.5, 9.46, 17.41 आणि 25.37 सेंटिमीटरवर बसतात, आणि दोन चौकटींत 0.96 सेंटिमीटरची फट राहते. हा हिशेब तुम्हाला करावा लागला नाही. ही अक्षरं इंग्रजी मेनू असलेल्या विंडोजवरच्या पॉवरपॉइंटची आहेत. मेनूची भाषा दुसरी असेल तर अक्षरं बदलू शकतात, तेव्हा `Alt` दाबल्यावर पडद्यावर काय उमटतं ते पाहावं.

पाच बटणांची ही साखळी लांबलचक वाटते. ज्याला आठवड्यातून दोनदा हे काम पडतं त्याने एकदाच एक गोष्ट करून ठेवावी. Align चा मेनू उघडून Align Top वर उजवं क्लिक करा आणि Add to Quick Access Toolbar निवडा. Distribute Horizontally साठीही तेच. त्यानंतर `Alt` दाबल्यावर त्या छोट्या पट्टीवर आकडे दिसतात, आणि `Alt` दाबून तो आकडा दाबला की काम होतं. माझ्या मते, पाठांतर करण्यापेक्षा पाच मिनिटं खर्चून ही पट्टी लावून घेणं शहाणपणाचं.

आता बिघडतं कुठे, ते पाहू. अलाइन करताना पॉवरपॉइंट कशाला आधार धरतं हे माहीत नसलं की चौकटी भलतीकडे उडतात. वरच्या कडा जुळवताना आधार असतो निवडलेल्यांतली सगळ्यात वरची वस्तू. डाव्या कडा जुळवताना सगळ्यात डावीकडची. तुम्ही आधी कोणती निवडली याला महत्त्व नाही. म्हणून चार चौकटींबरोबर चुकून वरचं शीर्षकही निवडलं गेलं असेल, तर `T` दाबताच चारही चौकटी शीर्षकाच्या उंचीवर जाऊन त्याच्यावर बसतात. तसं दिसलं की समजावं, निवडीत पाचवा पाहुणा आहे. `Ctrl+Z` करा, `Shift` दाबून शीर्षकावर क्लिक करून त्याला निवडीतून काढा आणि पुन्हा करा.

दुसरा प्रकार याहून फसवा. चौकटी शीर्षकापाशी न थांबता थेट स्लाइडच्या वरच्या कडेला जाऊन चिकटतात. तेव्हा निवड बरोबर असते, पण Align च्या मेनूत Align to Slide वर खूण असते. म्हणजे आधार चौकटी नाहीत, स्लाइडचा कागदच आहे. तिथेच खालचा पर्याय Align Selected Objects निवडायचा. त्याची साखळी `Alt H G A O`. एकच वस्तू निवडलेली असेल तर मात्र तिला जुळवायला स्लाइडशिवाय दुसरं काही नसतं, म्हणून ती स्लाइडशीच जुळते. शीर्षक पानाच्या बरोबर मधोमध आणायला हीच गोष्ट उपयोगी पडते.

तिसरी चूक नावामुळे होते. आडव्या रांगेतल्या चौकटी ‘मधोमध’ आणायच्या म्हणून माणूस Align Center दाबतो, आणि चारही चौकटी एकीवर एक जाऊन बसतात. पडद्यावर एकच दिसते, उरलेल्या गेल्या असं वाटून तो घाबरतो. Center म्हणजे डावी-उजवीकडच्या मधोमध. उभ्या उतरंडीसाठी ते ठीक. रांग आडवी असेल तर हवं असतं Align Middle, म्हणजे `Alt H G A M`. चौकटी गेलेल्या नसतात, एकाखाली एक दडलेल्या असतात. `Ctrl+Z` ने परत येतात.

सगळं बरोबर करूनही डोळ्याला काहीतरी खटकतं, असंही होतं. डावीकडे चित्र, त्याखाली मजकुराची चौकट, दोघांच्या डाव्या कडा जुळवल्या, तरी अक्षरं चित्रापेक्षा किंचित आत सुरू होतात. कारण मजकुराच्या चौकटीला आतून समास असतो: डावी-उजवीकडे 0.25 सेंटिमीटर, वर-खाली 0.13. पॉवरपॉइंट चौकटीची कड जुळवतं, अक्षराची नाही. चौकटीला रंग किंवा रेघ असेल तर हा समास हवाच. ती नुसता मजकूर धरून असेल, तर Format Shape मध्ये Text Box खाली Left margin शून्य करावा, मग अक्षरं चित्राच्या कडेवर येतात. मजकुराच्या चौकटीची उंची आपोआप बदलत असेल तर आणखी एक घोळ होतो. ‘मुदत’ एका ओळीत मावते, ‘कॉर्पस फंड’ची टीप दोन ओळी घेते, आणि एक चौकट उंच होते. अशा वेळी Middle ने जुळवलं तर वरच्या कडा वेगळ्या पडतात. त्याच जागी Resize shape to fit text ऐवजी Do not Autofit निवडून चारही चौकटींची उंची सारखी ठेवली की प्रश्न मिटतो.

चौकट, तिच्यावरचं चिन्ह आणि आकडा असे तीन तुकडे असतील तर आधी `Ctrl+G` ने त्यांचा एक गट करावा आणि मग गट जुळवावेत. नाहीतर चौकटी ओळीत येतात आणि चिन्हं मागे राहतात. एक इशारा मात्र द्यायला हवा: गट केला की आतल्या तुकड्यांना लावलेलं अॅनिमेशन निघून जातं. म्हणून अॅनिमेशन सगळ्यात शेवटी.

‘क’ची स्लाइड ओळीत आली. आता नक्कल, पण त्याआधी एक मिनिट थांबा. आकड्यांच्या जागी खरे आकडे भरू नका. `भरा` असा शब्द लिहून ठेवा. कारण स्लाइडच्या नकलेत सगळंच येतं: मजकूर, अॅनिमेशन, स्लाइड बदलण्याचा परिणाम आणि खालच्या टिपणांतला मजकूरसुद्धा. ‘क’चं भाडं भरून मग नक्कल काढली, तर ‘ख’च्या स्लाइडवर ‘क’चा आकडा राहून जातो आणि तो चुकीचा दिसत नाही, कारण तोही आकडाच असतो. `भरा` मात्र लपत नाही. शेवटी `Ctrl+F` ने तो शब्द शोधा. एकही सापडला नाही, म्हणजे सगळ्या जागा भरल्या.

मग डावीकडच्या छोट्या चित्रांच्या पट्टीत ‘क’च्या स्लाइडवर क्लिक करा आणि `Ctrl+D` दोनदा दाबा. ‘ख’ आणि ‘ग’ तयार. तेच बटण मघाशी चौकटीची नक्कल काढत होतं, आता स्लाइडची काढतं. फरक एवढाच, की निवड कशाची आहे. चौकट निवडलेली असेल तर चौकट, पट्टीतली स्लाइड निवडलेली असेल तर स्लाइड. स्लाइडची नक्कल हवी असताना चौकटीवर चौकट चढली, की समजायचं, आपण अजून स्लाइडच्या आत आहोत. मजकुरात कर्सर लुकलुकत असेल तर एकदा `Esc` दाबल्यावर चौकट निवडली जाते, दुसऱ्यांदा दाबल्यावर तीही सुटते. माउसला हात न लावता पट्टीवर जायचं असेल तर `F6` दाबत राहावं, तो खिडकीच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेतो.

नकलेची मर्यादाही ओळखून असावं. ती मूळ स्लाइडशी बांधलेली नसते. उद्या समितीने पाचवी चौकट मागितली, समजा पार्किंगची, तर ती तिन्ही स्लाइडवर घालावी लागेल. अशा वेळी एका स्लाइडवर चौकटी पुन्हा लावून घ्या, नवी चौकट कॉपी करा आणि दुसऱ्या स्लाइडवर पेस्ट करा. वेगळ्या स्लाइडवर पेस्ट केलेली वस्तू मूळ स्लाइडवर जिथे होती त्याच जागी उतरते, पुन्हा जुळवावी लागत नाही. त्याच स्लाइडवर पेस्ट केली तर मात्र थोडी सरकून येते. तिघांऐवजी तीस विकासक असते तर नक्कल हा मार्गच चुकीचा ठरला असता. तेव्हा View मधल्या Slide Master मध्ये एक मांडणी करून ठेवायची, म्हणजे तिथे एक बदल केला की सगळीकडे पोचतो.

आता क्रम. सगळं झाल्यावर अध्यक्ष म्हणतात, तुलनेचा तक्ता आधी दाखवू, तपशील नंतर. तक्ता सहाव्या स्लाइडवर आहे, तो इमारतीच्या माहितीनंतर, म्हणजे तिसऱ्या जागी हवा. पट्टीत तक्त्याच्या स्लाइडवर क्लिक करून `Ctrl+↑` तीनदा. प्रत्येक वेळी ती एक जागा वर चढते. `Ctrl+↓` ने खाली उतरते, `Ctrl+Shift+↑` ने थेट सुरुवातीला आणि `Ctrl+Shift+↓` ने थेट शेवटी जाते. माउसने ओढण्यापेक्षा हे बरं, कारण लांब पट्टीत ओढताना स्लाइड भलत्याच जागी सुटते.

पण याच बटणांत एक सापळा आहे, आणि माझ्या मते या सगळ्यातला तोच सगळ्यात वाईट. पट्टीऐवजी स्लाइडवरची एखादी चौकट निवडलेली असताना `Ctrl+↑` दाबलं, तर स्लाइड हलत नाही. ती चौकट अगदी बारीकशी वर सरकते. माणूस म्हणतो, बटण चाललं नाही, आणि आणखी दोनदा दाबतो. इतक्या मेहनतीने ओळीत आणलेली चौकट आता ओळीबाहेर आहे, पण लॅपटॉपवर ते सहज दिसत नाही. प्रोजेक्टरच्या मोठ्या पडद्यावर दिसतं. म्हणून स्लाइड हलली नाही असं वाटलं, की पुन्हा बटण दाबण्याआधी `Ctrl+Z` दाबावं आणि मग पट्टीत क्लिक करावं.

स्लाइड वीस-पंचवीसच्या वर गेल्या की पट्टीत काम करणं कंटाळवाणं होतं. `Alt W I` ने Slide Sorter उघडा, सगळ्या स्लाइड पसरून समोर येतात. तिथे `Shift` ने सलग किंवा `Ctrl` ने सुट्या स्लाइड निवडून एकत्र ओढता येतात. स्लाइडवर उजवं क्लिक करून Add Section ने भाग पाडले, उदाहरणार्थ ‘माहिती’, ‘प्रस्ताव’, ‘निर्णय’, तर भागाच्या नावावर उजवं क्लिक करून Move Section Up म्हटल्यावर त्याच्या सगळ्या स्लाइड एकदम वर जातात. ही सोय पॉवरपॉइंट 2010 पासून आहे, तरी ती वापरणारे फार कमी दिसतात.

क्रम बदलल्यावर काय आपोआप बदलतं आणि काय नाही, हे शेवटी तपासावं लागतं. कोपऱ्यातला स्लाइड क्रमांक Insert मधल्या Slide Number ने घातला असेल तर तो आपोआप बदलतो. हाताने टाइप केला असेल तर जुनाच राहतो. Link मधल्या Place in This Document ने एखाद्या स्लाइडला जोडलेला दुवा त्या स्लाइडच्या मागे जातो, ती कुठेही हलवली तरी. पण ‘पुढची पावलं’ या स्लाइडवर तुम्ही ‘क विकासकाचा तपशील स्लाइड 3 वर’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य आता खोटं आहे. तिसऱ्या जागी तक्ता आला आणि ‘क’ चौथ्यावर गेला. असे उल्लेख शोधायला `Ctrl+F` मध्ये ‘स्लाइड’ हा शब्द टाकावा.

गुगल स्लाइड्स वापरणाऱ्यांना `Ctrl+D` आणि स्लाइड वरखाली नेणारी बाणांची बटणं जशीच्या तशी चालतात. अलाइन करण्याचे पर्याय तिथे Arrange मेनूत आहेत. मॅकवरच्या पॉवरपॉइंटमध्येही नक्कल `Cmd+D` नेच निघते. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये `Shift+F3` दाबलं की नक्कला किती हव्यात आणि किती अंतरावर हव्यात हे विचारणारी खिडकी उघडते. चौकटींच्या रांगेसाठी ती पॉवरपॉइंटपेक्षाही सोयीची आहे.

सभेत प्रश्नोत्तरं सुरू झाली, की सदस्य ‘ख’ची स्लाइड पुन्हा दाखवा म्हणतील. स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून `Enter` दाबलं की पडद्यावर थेट ती स्लाइड येते. आपल्या उदाहरणात क्रम बदलल्यानंतर ‘ख’चा क्रमांक 5 आहे, 4 नाही. तेव्हा क्रमांकांचा कागद आणि वाटायच्या छापील प्रती, दोन्ही क्रम पक्का झाल्यावरच काढा.